दोन वेण्या, चौदा चित्रं

भिंगरी सात वर्षांची आहे. दुमडून वर बांधलेल्या दोन वेण्या, त्यांना लाल रिबिनी. मोरपंखी फ्रॉक, पुढे तीन पांढरी बटणं. डाव्या हातात एकच हिरवी बांगडी आणि वरचा एक दात पडलेला. तिची बकरी चांदी ही नावापुरतीच चांदी. आहे काळीकुळकुळीत, फक्त डावा कान पांढरा. कोकणातल्या एका गावात ही बकरी हरवते आणि भिंगरी तिला शोधायला पाणंदीने निघते, एवढीच गोष्ट. चोवीस पानं, चौदा चित्रं. पहिल्या खेपेला मी ती चौदाही चित्रं संगणकाकडून काढून घेतली, छापली आणि घरातल्या फरशीवर ओळीने मांडली. सुटं सुटं पाहिलं तर प्रत्येक चित्र देखणं होतं. ओळीने पाहिलं तर त्यात निदान पाच मुली होत्या. एकीला चार बटणं, एकीची बांगडी उजव्या हातात, विहिरीजवळ उभी असलेली बारा वर्षांची घोडी आणि रडणारी जेमतेम चारची.

मोठ्यांच्या पुस्तकात हे खपून गेलं असतं. चित्रपुस्तकात मजकूर मोठं माणूस वाचतं आणि चित्रं मूल वाचतं. 'ती गडग्यावर चढली' या वाक्यातली 'ती' कोण, हे मुलाला चित्रच सांगतं. शिवाय मुलं मोजतात. मोठ्यांना चेहऱ्याची एकूण धाटणी जुळली की पुरतं. मूल बटणं मोजतं, दात बघतं, बांगडी कुठल्या हातात ते बघतं. या लेखात ज्या निरनिराळ्या पद्धतींचा आढावा घ्यायचा आहे, त्या सगळ्यांची खरी परीक्षा इथे आहे, असं माझं मत झालं आहे. यंत्राला सारखेपणा जमतो; तीच व्यक्ती असणं जमत नाही. सारखेपणा म्हणजे साधारण वळण, रंग, नाकीडोळी. 'तीच' असणं म्हणजे संख्या, बाजू आणि माप. पद्धती सुधारत गेल्या तसा पहिला भाग झपाट्याने सुधारला. दुसरा अजूनही हाताने सांभाळावा लागतो.

हे असं का होतं, ते चित्र तयार कसं होतं यातच दडलेलं आहे. स्टेबल डिफ्यूजनसारखं मॉडेल कोऱ्या कागदावरून सुरुवात करत नाही. टीव्हीवर पूर्वी चॅनेल गेलं की मुंग्या दिसायच्या, तशा विस्कळीत ठिपक्यांपासून ते निघतं आणि वीस-तीस पायऱ्यांत त्यातला गोंधळ थोडाथोडा काढत चित्रापर्यंत येतं. प्रत्येक पायरीवर तुमचे शब्द त्याला दिशा देतात. पण 'लाल रिबिनी बांधलेली सात वर्षांची मुलगी' या शब्दांत बसणाऱ्या मुली लाखो आहेत, आणि दर वेळी त्यांतली कोणतीही एक पुढे येते. मागच्या चित्रात कोण आली होती याची यंत्राकडे नोंदच नसते. आपण त्याच मुलीला पुन्हा बोलावतो आहोत असं आपल्याला वाटतं. खरं तर आपण दर वेळी नवी जाहिरात देतो आणि नवी उमेदवार येते.

म्हणून सगळ्यांचा पहिला उपाय असतो जाहिरात लांबवण्याचा. मीही केला. रिबिनीची रुंदी, फ्रॉकची बाही, भुवयांचा आकार, सगळं लिहिलं. एका मर्यादेपलीकडे याचा उपयोग होत नाही, कारण स्टेबल डिफ्यूजन एक्सएलसारख्या मॉडेलमध्ये शब्द वाचणारा भाग एका वेळी साधारण पाऊणशे तुकडेच घेतो. आणि घेतलेले शब्दही जागच्या जागी राहत नाहीत. 'लाल' हा शब्द रिबिनीसाठी लिहिला तरी तो चपलांना लागतो, कधी बकरीच्या गळ्याला. शब्द अर्थातच इंग्रजीत लिहावे लागतात आणि तिथे आपली आणखी एक पंचाईत होते. परकर-पोलकं मागितलं की लेहंगा येतो, इरलं मागितलं की छत्री नाहीतर टोपली.

दुसरा घरगुती उपाय सीडचा. सीड म्हणजे सुरुवातीच्या त्या मुंग्या ठरवणारा आकडा. तोच आकडा आणि तेच शब्द दिले तर तेच चित्र येतं, म्हणून अनेकांची समजूत होते की आकडा कायम ठेवला की मुलगी कायम राहील. सीड चित्राची मांडणी थोडीफार धरून ठेवतो, माणसाला नाही. शब्द बदलले, 'उभी' ऐवजी 'पळते' आलं, की त्याच मुंग्यांतून वेगळीच मुलगी निघते. चौदा चित्रांत भिंगरी एकाच जागी उभी राहणार असती तर सीडने काम भागलं असतं.

शब्द पुरत नाहीत म्हटल्यावर चित्रच दाखवावं, ही पुढची पायरी. २०२३ च्या ऑगस्टमध्ये टेनसेंटच्या संशोधकांनी आयपी-अॅडॅप्टर मांडला. त्यात तुम्ही दिलेलं चित्र वाचून त्याचा सारांश काढला जातो आणि तो शब्दांच्या जोडीने, पण वेगळ्या वाटेने, मॉडेलमध्ये सोडला जातो. मिडजर्नीने २०२४ च्या मार्चमध्ये `--cref` दिलं, ते वापरणाऱ्याच्या दृष्टीने याच जातीचं. सोबतचा `--cw` शंभरवर ठेवला तर चेहरा, केस, कपडे सगळं उचललं जातं, शून्यावर ठेवला तर चेहऱ्यावर भर राहतो. पुढच्या आवृत्तीत त्याची जागा `--oref` ने घेतली. हे वापरायला सगळ्यांत सोपं आहे, आणि चार चित्रांचं काम असेल तर मी आजही इथेच थांबेन.

अडचण 'सारांश' या शब्दात आहे. मूळ आयपी-अॅडॅप्टरमध्ये आख्ख्या चित्राचा सारांश अवघ्या चार तुकड्यांत बसवलेला असतो. चार तुकड्यांत 'सावळी, दोन वेण्या, मोरपंखी, हसरी' एवढं राहतं. 'बटणं तीन' राहत नाही. उलट नको ते मात्र राहतं. मी दिलेल्या चित्रात भिंगरी समोर बघत उभी होती, तर पुढच्या प्रत्येक चित्रात ती समोरच बघत उभी. जोर वाढवला की मुलगी जुळते पण पुतळा होते. जोर कमी केला की पळायला लागते पण वेगळीच होते. सहा दशांश ते आठ दशांश या पट्ट्यात काहीतरी मधलं मिळतं. शरीराची ठेवण सक्तीने बदलायची तर कंट्रोलनेटची मदत होते. स्टॅनफर्डच्या लुमिन झांग यांनी २०२३ च्या फेब्रुवारीत तो पुढे आणला. काड्यांचा माणूस काढून दिला की यंत्र त्या ठेवणीत मुलगी बसवतं. फक्त काड्यांचा माणूस लहान मुलाच्या मापाचा काढायला हवा, मोठं डोकं आणि आखूड पाय. मोठ्या माणसाची ठेवण दिली की भिंगरी एका रात्रीत वयात येते.

खऱ्या माणसांच्या फोटोंसाठी चेहरा पक्का धरणारी साधनंही निघाली, इन्स्टंटआयडीसारखी. ती चेहरा ओळखणाऱ्या प्रणालीवर उभी आहेत आणि ती प्रणाली फोटोंवर शिकलेली आहे. दोन ठिपक्यांचे डोळे आणि एका रेघेचं नाक असलेली भिंगरी तिला बहुतेक वेळा चेहराच वाटत नाही. चित्रपुस्तकवाल्यांनी तिकडे वेळ घालवू नये.

आता मुख्य वाट. यंत्राला ही मुलगी शिकवायचीच. २०२२ च्या ऑगस्टमध्ये दोन शोधनिबंध पाठोपाठ आले. टेक्श्चुअल इन्व्हर्जनमध्ये तीन ते पाच चित्रांवरून एक नवा 'शब्द' शिकवला जातो, मॉडेलला हात लावला जात नाही. गूगल आणि बोस्टन विद्यापीठातल्या नटानिएल रुइझ आणि सहकाऱ्यांच्या ड्रीमबूथमध्ये मॉडेलच थोडं बदलतं आणि एका निरर्थक शब्दाशी ती व्यक्ती जोडली जाते. त्या काळात बऱ्याच जणांनी `sks` हा शब्द वापरला. तो एका रशियन रायफलचं नाव निघाला आणि काहींच्या चित्रांत कुत्र्यामांजरांशेजारी बंदुका उगवू लागल्या. निरर्थक शब्दही पारखून घ्यावा लागतो. तिसरं साधन, लोरा, हे मुळात २०२१ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी भाषेच्या मॉडेलसाठी काढलं होतं. अवाढव्य मॉडेल तसंच ठेवून त्याला एक छोटी पुरवणी जोडायची आणि शिकवणी तेवढ्या पुरवणीलाच द्यायची. चित्रांच्या मॉडेलला ते जोडल्यावर घरच्या ग्राफिक्स कार्डावर हे काम होऊ लागलं. आज 'पात्राचा लोरा केला' असं म्हणतात ते हेच.

पण इथे कोंबडी आधी की अंडं असा प्रश्न येतो. शिकवायला एकाच मुलीची वीस चित्रं हवीत आणि तीच तर नाहीत. याआधीच्या संशोधनाला हा प्रश्न पडलाच नव्हता. स्टोरीगॅनसारखी २०१९ च्या सुमाराची कामं पोरोरो या कोरियन पेंग्विनच्या कार्टूनवर शिकत होती, आणि त्याच्या हजारो फ्रेम आयत्या होत्या. नव्या पुस्तकातल्या नव्या मुलीला पूर्वायुष्यच नसतं. यावर एक मजेशीर तोडगा २०२३ च्या शेवटी 'द चोझन वन' या निबंधात आला. एकाच वर्णनावरून भरपूर चित्रं काढायची, त्यांचे दिसण्यानुसार घोळके पाडायचे, सगळ्यांत घट्ट घोळका निवडून त्यावर मॉडेलला शिकवायचं आणि हेच पुन्हापुन्हा करायचं. दर फेरीला उमेदवार एकमेकींसारख्या होत जातात आणि शेवटी एकच उरते. कल्पना सुंदर आहे. फक्त मुलगी कोण असेल ते यंत्र ठरवतं. मला माझी भिंगरी हवी होती, म्हणून मी घोळके हातानेच पाडले.

साठेक प्रयत्नांतून एक चित्र निवडलं. ते हाताने दुरुस्त केलं. बटणं, बांगडी, दात. हे झालं मूळ चित्र. मग त्यावरून बाजूने, मागून, बसलेली, वाकलेली, रडणारी, ओरडणारी अशी चित्रं काढत गेलो आणि चुकलेली रंगवून सुधारत गेलो. मागून दिसणारी भिंगरी तर मी सरळ स्वतःच काढली, कारण दोन दुमडलेल्या वेण्या मागून कशा दिसतात याबद्दल यंत्राचा काही अंदाजच नव्हता. मराठी शाळेच्या दारात पाच मिनिटं उभं राहिलं असतं तर त्यालाही कळलं असतं. अशी वीस चित्रं जमली. अॅनिमेशनच्या स्टुडिओंमध्ये १९३० च्या दशकापासून पात्राचा असाच तक्ता काढत आले आहेत, एकच पात्र सगळ्या बाजूंनी, सगळ्या भावांत, म्हणजे दहा चित्रकारांच्या हातून ते एकच राहावं. तक्ता तोच. चित्रकारांच्या जागी यंत्र आलं एवढंच.

वीस चित्रांसोबत वीस कॅप्शनं लिहावी लागतात, आणि सगळ्यात जास्त लोक चुकतात ते इथे. सहज मनात येतं की वर्णन जितकं नेमकं तितकं बरं. नियम नेमका उलटा आहे. कॅप्शनमध्ये जे लिहाल ते यंत्र 'बदलता येणारं' समजतं. जे न लिहिता चित्रात सतत दिसत राहील ते नावाला चिकटतं. म्हणून वेण्या, रिबिनी, बटणं, बांगडी यांचा उल्लेख टाळायचा आणि ठेवण, बाजू, उजेड, मागचं दृश्य हे लिहायचं.

```
bhingri, girl, side view, running, plain background
bhingri, girl, back view, sitting on a step, evening light
bhingri, girl, crying, close-up, laterite wall behind
```

मी पहिल्या खेपेला `red ribbons` लिहून बसलो होतो. परिणाम असा की पुढे प्रॉम्प्टमध्ये रिबिनी लिहिल्या तरच त्या यायच्या, नाहीतर वेण्या मोकळ्या. कपडे बदलायचे असतील तर मात्र फ्रॉकचं नाव घ्यायला हवं, नाहीतर फ्रॉक कातडीसारखा अंगाला चिकटतो. आमच्या गोष्टीत भिंगरी एकाच दिवसात फिरते, म्हणून मी फ्रॉक चिकटू दिला.

शिकवणीचे आकडे मी वापरले ते असे:

```
--network_module=networks.lora
--network_dim=16
--network_alpha=8
--learning_rate=1e-4
--train_batch_size=2
--max_train_steps=1600
--save_every_n_steps=200
```

वीस चित्रं, प्रत्येक दहा वेळा, एका वेळी दोन; म्हणजे शंभर पायऱ्यांत एक फेरी आणि सोळाशे पायऱ्यांत सोळा फेऱ्या. या आकड्यांत पवित्र काही नाही. महत्त्वाची आहे ती शेवटची ओळ. दर दोनशे पायऱ्यांनी एक प्रत जपून ठेवली की आठ भिंगऱ्या मिळतात, कमी शिकलेलीपासून जास्त शिकलेलीपर्यंत, आणि त्यांतली एक निवडायची असते. आणखी एक पर्याय त्या यादीत नाही तो मुद्दाम: `--flip_aug`. चित्रं आरशासारखी उलटवून दुप्पट करायची ही सोय आहे. ज्याच्या दोन्ही बाजू सारख्या अशा पात्राला ती चालते. डाव्या हातात बांगडी आणि पांढऱ्या डाव्या कानाची बकरी असेल तर यंत्र निमूटपणे शिकतं की डावं-उजवं असं काही नसतं.

आठही प्रतींना मी सहा ठरावीक प्रसंग दिले. त्यांतले दोन शिकवणीत अजिबात नसलेले: एसटीच्या खिडकीत बसलेली आणि झाडावर चढलेली. चारशे पायऱ्यांची भिंगरी म्हणजे लांबची मामेबहीण. आठशेला रिबिनी बसल्या, पण बटणं दोन ते पाच. बाराशेला चेहरा, वेण्या, रंग पक्के. सोळाशेला सगळं त्याहून पक्कं, आणि एसटीच्या खिडकीतून बाहेर चिऱ्याचा गडगा. झाडावरही गडगा. वीसपैकी सात चित्रांत मागे गडगा होता. पुरतं रटलेल्या यंत्राला तो आता भिंगरीचाच अवयव वाटत होता. जास्त शिकलं हे ओळखायची ही सगळ्यांत सोपी खूण: न मागितलेली जुनी पार्श्वभूमी परत येते आणि नवी ठेवण मागितली तरी जुनीच मिळते. मी बाराशेची प्रत घेतली आणि वापरताना तिचा जोर आठ दशांश ठेवला. गडगे सात ठिकाणी ठेवायला नको होते, हे शिकवणीआधीच लक्षात यायला हवं होतं.

दुसरी खूण शाळेच्या चित्रात दिसली. वर्गात मुलं मागितली आणि झाडून सगळी भिंगरी निघाली, मुलगेसुद्धा, दोन वेण्यांसकट. 'मुलगी' या शब्दाचा अर्थच यंत्राने भिंगरी करून टाकला होता. ड्रीमबूथच्या निबंधात यावर उपाय आहे. शिकवताना मधूनमधून साध्या, कुठल्याही मुलींची चित्रंही दाखवत राहायचं, म्हणजे जुना अर्थ पुसला जात नाही. मी कंटाळा केला आणि वर्गातली मुलं लोरा बंद करून वेगळी काढली.

दोन पात्रं एका चित्रात आली की मामला वेगळाच होतो. भिंगरीने चांदीला मिठी मारली हे पुस्तकातलं शेवटचं, सगळ्यांत मोठं चित्र. यंत्राने बकरीला लाल रिबिनी बांधल्या. दुसऱ्या प्रयत्नात भिंगरीचा एक कान पांढरा केला. चित्रातल्या कुठल्या जागेने कुठला शब्द ऐकायचा हे मॉडेल स्वतः ठरवतं आणि जवळ चिकटलेल्या दोन जिवांच्या बाबतीत ते हमखास घोळ घालतं. दोघांचे दोन लोरा एकदम लावले तर घोळ दुप्पट होतो. चित्राचे भाग पाडून या भागाला हे शब्द, त्या भागाला ते, अशी सोय आहे, आणि दोघं लांब उभी असतील तर ती छान चालते. मिठीत भाग कुठे पाडणार? शेवटी मुलगी वेगळी, बकरी वेगळी काढून, कापून एकावर एक बसवली आणि फक्त हात व लोकर यांच्यामधली सांधेपट्टी यंत्राकडून पुन्हा रंगवून घेतली. बकरीला लोकर नसते असं आमच्या संपादकबाई म्हणाल्या. ते चित्र पाहिलं तर चांदीला होती. तीही पुसली.

लांबून दिसणारी भिंगरी बिघडते त्याचं कारण वेगळं आणि सरळ आहे. हे मॉडेल चित्रावर थेट काम करत नाही, आठपट लहान केलेल्या गाठोड्यावर करतं. १०२४ ठिपके रुंद चित्र आत १२८ घरांचं होतं. पाणंदीच्या टोकाला उभ्या भिंगरीचा चेहरा ४८ ठिपक्यांचा असेल तर आत त्याला सहा बाय सहा घरं मिळतात. तेवढ्यात डोळे, पडलेला दात आणि रिबिनी बसवायच्या म्हणजे तांदळावर नाव कोरायचं, तेही खडूने. उपाय असा की तेवढाच चौकोन कापून मोठा करायचा, त्या आकारात चेहरा पुन्हा काढून घ्यायचा आणि लहान करून जागेवर बसवायचा. छपाईलाही हाच मुद्दा आडवा येतो. साडेआठ इंची चौरस पुस्तकाचं जोडपान म्हणजे इंचाला तीनशे ठिपक्यांनी ५१०० बाय २५५०. यंत्राचं चित्र तिथपर्यंत ताणायला दुसरं यंत्र लागतं आणि तेही जाताजाता स्वतःच्या मनाने पापण्या घालतं. म्हणून जुळणीची शेवटची तपासणी पडद्यावर करून भागत नाही, ताणून झाल्यावर पुन्हा करावी लागते.

शिकवणीशिवाय जमवायचे प्रयत्न दुसऱ्या बाजूने चालू होते. २०२४ मध्ये कन्सिस्टोरी आणि स्टोरीडिफ्यूजन ही दोन कामं आली. दोन्हींचा गाभा एक: चित्रं एकेक न काढता एकत्र काढायची आणि काढली जात असताना त्यांना एकमेकांकडे बघू द्यायचं. एका वर्गात बसून कॉपी करणारी मुलं जशी. चार-सहा चित्रांची कॉमिकची पट्टी यात झकास होते. पुस्तकाला ते जड जातं, कारण चित्रं वाढली तशी स्मृती कमी पडते, आणि महिनाभराने संपादक 'नववं चित्र बदला' म्हणतात तेव्हा तो वर्ग सुटलेला असतो.

२०२५ मध्ये मात्र वारं फिरलं. मार्चमध्ये ओपनएआयचं जीपीटी-४ओ, मेमध्ये ब्लॅक फॉरेस्ट लॅब्सचं फ्लक्स कॉन्टेक्स्ट आणि ऑगस्टमध्ये गूगलचं जेमिनाय २.५ फ्लॅश इमेज यांनी वेगळाच रस्ता धरला. चित्र द्या आणि साध्या वाक्यात सांगा, 'हीच मुलगी आता पायरीवर बसली आहे'. शिकवणी नको, आकडे नकोत. जी जुळणी लोराने मला दहा दिवसांत दिली तिच्याजवळपास हे काही मिनिटांत पोचतं, आणि नव्याने पुस्तक करणाऱ्याने सुरुवात इथूनच करावी असं मी आज सांगेन. पण एक सवय आधी मोडावी लागते. माणूस सहज काय करतो, तर पहिल्यावरून दुसरं चित्र, दुसऱ्यावरून तिसरं. झेरॉक्सवरून झेरॉक्स काढत गेल्यासारखं होतं. प्रत्येक पायरीला बदल नजरेत न येण्याइतका असतो. सहाव्या चित्राशेजारी पहिलं ठेवलं की गाल भरलेले, रेघ जाडावलेली, रंग पिवळसर. प्रत्येक चित्रासाठी मूळ चित्राकडेच परत जायचं, मधल्या प्रतीवर कधीच पुढचं बांधायचं नाही. मूळ चित्रही एक न देता समोरून, बाजूने, मागून अशी तीन दिली तर पाठमोरी भिंगरी स्वतःच्या मनाने वेणी घालत नाही.

जुळलं की नाही हे कसं ठरवायचं? संशोधनात त्यासाठी गुण देतात. दोन चित्रं एका प्रणालीला दाखवायची आणि त्यांचे सारांश किती जवळ आहेत ते मोजायचं. ड्रीमबूथवाल्यांनीच दाखवून दिलं की क्लिप ही प्रचलित प्रणाली यात भोळी आहे. एकाच जातीची दोन वेगळी कुत्री तिला जवळजवळ एकच वाटतात. म्हणून त्यांनी डिनो या दुसऱ्या प्रणालीला झुकतं माप दिलं. ती जास्त चौकस आहे, पण बटणं तीही मोजत नाही. चार बटणांच्या भिंगरीला गुण चांगलेच मिळतात. निबंधांतली वाढत जाणारी गुणसंख्या आणि पुस्तक परत पाठवणारी बालवाचक यांच्यातलं अंतर इथून येतं.

माझी पद्धत गावठी आहे. चौदाही चित्रांतले फक्त चेहरे एकाच मापात कापून एका ओळीत छापायचे. मग तीच ओळ काळ्यापांढऱ्यात. रंग गेला की वय दिसतं. हनुवटी लांबली की मूल मोठं होतं, आणि 'रडणारी' म्हटलं की यंत्र वय हमखास खाली आणतं. संपूर्ण आकृतीत डोक्याची उंची मोजायची. भिंगरी चार डोकी उंच आहे. पाच भरली तर ते चित्र बाद. त्वचेचा रंग सपाट उजेडातल्या चित्रांतून उचलून शेजारी ठेवायचा. हसऱ्या, आनंदी चित्रांत तो दरवेळी एखादी छटा उजळ झालेला मला आढळला, आणि हे दुरुस्त केलंच पाहिजे अशा यादीत माझ्या मते पहिलं. मग मोजणी: वेण्या दोन, रिबिनी दोन, बटणं तीन, बांगडी एक, डावी. बोटं मोजायची सवय आता कोणालाही सांगावी लागत नाही.

या मोजणीतून उलट दिशेने एक गोष्ट शिकलो, ती आधीच केली असती तर निम्मा वेळ वाचला असता. पात्र ठरवतानाच यंत्राला काय धरता येतं ते बघावं. मोठा सपाट रंग ते धरतं, बाह्याकृती धरतं. चांदोबातले शंकर यांचे विक्रम-वेताळ आठवा: उपसलेली तलवार, खांद्यावर प्रेत, आणि आकृती नुसती काळी भरली तरी ओळखू येते. अशा पात्राला फार राखण लागत नाही. बारीक नक्षी, चौकड्यांचं कापड, मोजता येणारे ठिपके आणि एकाच बाजूची खूण ही चारही यंत्राला नावडती. भिंगरीला तीन बटणांऐवजी एक मोठा खिसा आणि दोन्ही हातांत बांगड्या दिल्या असत्या तर चालण्यासारखं होतं. पडलेला दात मात्र मी सोडला नसता. तोंड उघडलेल्या नऊ चित्रांत तो एकेक करून हाताने काळा केला, दर वेळी वरचा, तिचा उजवीकडचा.

पावसाचं चित्र राहिलं होतं. भिंगरी इरलं डोक्यावर घेऊन पळते आहे. शिकवणीत इरलं नव्हतं, मॉडेलच्या शब्दांत नव्हतं, आणि चित्रावरून सांगितलं तर पाठीवर कासव आलं. ते पान मी पूर्ण हाताने काढलं आणि रेघ बाकीच्या तेरा चित्रांशी जुळवायला मला तीन दिवस लागले. आता चित्रकाराने यंत्रासारखं काढायचं होतं.

पुस्तकाच्या दुसऱ्या भागात भिंगरी आठ वर्षांची होते आणि तो दात परत येतो. लोराला 'एक वर्षाने मोठी' हे सांगता येत नाही. त्याला सातची माहीत आहे, ती किंवा मग कुणीतरी दुसरीच. मूळ वीस चित्रांतली तोंड मिटलेली अकरा पुन्हा वापरता आली, हनुवटी किंचित लांबवून. बाकीची नऊ नव्याने काढतो आहे.